खोडदच्या ताटल्या आणि चिंचोक्यांचा खेळ

मुलांनो, चिंच खाऊन झाली की चिंचोके फेकून देऊ नका. धुऊन, वाळवून डब्यात भरून ठेवा. आज आपल्याला ते लागणार आहेत. आणि आज मी माझी एक चूकही कबूल करणार आहे. चूक मी वर्गात केली, ती कळली खोडदला, आणि पकडली आमच्याच वर्गातल्या एका मुलीने!

आधी खेळ. आमच्या वर्गात त्या दिवशी बत्तीस मुलं होती. प्रत्येकाच्या हातात एकेक चिंचोका दिला. प्रत्येकाच्या हजेरी क्रमांकाच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाकल्या. नियम एवढाच की डब्यातून एक चिठ्ठी काढायची, जो नंबर येईल त्याने एक चिंचोका द्यायचा. ती चिठ्ठी परत डब्यात टाकून दुसरी काढायची, जो नंबर येईल त्याने तो चिंचोका घ्यायचा. देणाऱ्याकडे काहीच नसेल तर ती खेळी वाया. कोणी हुशारी करायची नाही, मैत्री नाही, भांडण नाही. सगळं चिठ्ठीवर सोपवायचं.

"बाई, शेवटी सगळ्यांकडे परत एकेकच राहील," एकाने सांगितलं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. बिचारा चिंचोका काय, इकडून तिकडे जाणार आणि तिकडून इकडे येणार. बरोबरच राहायला हवं, नाही का?

सलग दोन तास आम्ही खेळलो. चारशेच्या वर खेळ्या झाल्या. मग "थांबा" म्हटलं आणि मुठी उघडायला सांगितल्या. पंधरा जणांकडे काहीच नव्हतं. नऊ जणांकडे एकेक चिंचोका होता. चौघांकडे दोन-दोन, दोघांकडे तीन-तीन, एकाकडे चार आणि एकीकडे चक्क पाच! ती तर मूठ उघडायलाच तयार नव्हती.

फळ्यावर आकडे लिहिले तेव्हा गंमत दिसली. १५, ९, ४, २, १, १. प्रत्येक पायरीला आकडा साधारण निम्मा होत जातो. सोळा, आठ, चार, दोन, एक असं नेमकं नाही आलं, कारण मुलं बत्तीसच होती. हजार मुलं घेऊन खेळलो असतो तर निम्मेपणा आणखी स्वच्छ दिसला असता.

असं का होतं? तीन मुलं आणि तीन चिंचोके घ्या, म्हणजे बोटांवर मोजता येईल. तीन चिंचोके तिघांत वाटण्याचे एकूण दहा प्रकार आहेत. आता फक्त पहिल्या मुलाकडे पाहा. त्याच्याकडे काहीच नसेल तर उरलेल्या दोघांत तीन चिंचोके चार प्रकारे वाटता येतात. त्याच्याकडे एक असेल तर उरलेले दोन तीन प्रकारे, दोन असतील तर उरलेला एक दोन प्रकारे, आणि तिन्ही त्याच्याकडेच असतील तर एकच प्रकार. चार, तीन, दोन, एक. त्याची मूठ जेवढी मोठी, तेवढे इतरांच्या वाटणीचे प्रकार कमी. आपल्या खेळात वाटणीचा प्रत्येक प्रकार सारख्याच वेळा येऊ शकतो, म्हणून मोठ्या मुठी थोड्या आणि रिकाम्या मुठी जास्त. कोणावर अन्याय झालेला नाही, नुसती मोजणी आहे!

आता दुसरा डाव. या वेळी प्रत्येकाला तीन-तीन चिंचोके द्या, म्हणजे एकूण शहाण्णव. खूप वेळ खेळलात की रिकाम्या मुठी सोळाच्या जागी आठच्या आसपास येतील, एकेकवाले सहा, दोन-दोनवाले चार-पाच. उतरण आहेच, पण निम्म्याची नाही, पाऊणपट होत जाणारी. म्हणजे खेळात माल जास्त असेल तर उतार सौम्य होतो आणि वरच्या पायऱ्यांवरही गर्दी होते. हे वाक्य लक्षात ठेवा.

आता चिंचोक्यांच्या जागी ऊर्जा समजा आणि मुलांच्या जागी अणू. वायूतले अणू सतत एकमेकांवर आपटत असतात आणि प्रत्येक धडकेत ऊर्जेची देवाणघेवाण होते. कोण कोणाला देणार हे ठरलेलं नसतं, आपल्या चिठ्ठ्यांसारखंच. शिवाय अणूला कितीही ऊर्जा ठेवता येत नाही. त्याच्या ठरावीक पायऱ्या असतात, त्यांना ऊर्जा पातळ्या म्हणतात. अणू या पायरीवर असतो नाहीतर त्या पायरीवर, मध्ये लोंबकळत नाही. आणि खेळात एकूण किती माल आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे तापमान.

कोणत्या पायरीवर किती अणू असतील याचा नियम एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियाच्या लुडविग बोल्ट्झमन यांनी मांडला. तो असा लिहितात:

N2/N1 = (g2/g1) × e^(−ΔE/kT)

घाबरू नका, आपण त्याला सोपं करून घेऊ. N1 म्हणजे खालच्या पायरीवरचे अणू, N2 म्हणजे वरच्या. ΔE म्हणजे दोन पायऱ्यांमधली उंची, T म्हणजे तापमान. k हा नुसता बदलीचा दर आहे. किलोमीटरचे मैल करतो ना, तसे ऊर्जेचे अंश करून देतो. म्हणून पायरीची उंचीसुद्धा आपण अंशातच मोजू. हे अंश केल्व्हिनचे बरं का! त्यात शून्य म्हणजे आपलं उणे २७३ सेल्सिअस. पुण्यातली २७ अंशांची दुपार म्हणजे ३०० केल्व्हिन.

आता नियम तोंडी सांगता येतो. पायरीची उंची तापमानाएवढी असेल तर वरच्या पायरीवरची संख्या एकदा २.७ ने भागायची. उंची तापमानाच्या दुप्पट असेल तर दोनदा भागायची. दहापट असेल तर दहा वेळा. आणि उंची तापमानापुढे नगण्य असेल तर भागायचंच नाही म्हटलं तरी चालेल. सूत्रातले g1 आणि g2 राहिले, त्यांच्याकडे थोड्या वेळाने येऊ. माझी चूक नेमकी तिथेच दडली होती.

वर्गात मी उदाहरण दिलं सूर्याचं. हायड्रोजनच्या अणूची पहिली पायरी आणि दुसरी पायरी यांतली उंची सुमारे १,१८,००० अंश आहे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० अंश. म्हणजे साडेवीस वेळा २.७ ने भागायचं. हिशेब करून पाहिला तर पहिल्या पायरीवर वीस कोटी अणू असतील तेव्हा दुसऱ्या पायरीवर कसाबसा एक सापडतो! आकाशातला व्याध मात्र जवळजवळ दहा हजार अंशांचा आहे. दहा हजार अंश धरले तर बारा वेळाच भागावं लागतं आणि सुमारे पस्तीस हजारांत एक अणू वर सापडतो. तापमान दुप्पटही झालं नाही, पण वरच्या पायरीवरची वस्ती पाच हजार पटींहून जास्त वाढली. भागाकार पुन्हा पुन्हा करायचा असतो, म्हणून दोन-चार वेळा कमी झाला तरी एवढा फरक पडतो. व्याधाच्या प्रकाशाच्या पट्ट्यात हायड्रोजनच्या काळ्या रेघा सूर्यापेक्षा ठळक दिसतात, त्या दुसऱ्या पायरीवरच्या अणूंमुळे.

मग मी ऐटीत फळ्यावर लिहिलं, "थंड असेल तर सगळे अणू तळाच्या पायरीवर." खाली दोन रेघाही ओढल्या. विषय संपला!

विज्ञानदिनाच्या प्रदर्शनाला आम्ही खोडदला गेलो होतो. पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगाव, तिथून आत खोडद. शेतांच्या मधोमध प्रचंड ताटल्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. हीच ती जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. तिच्या अशा तीस ताटल्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मध्यभागी जवळजवळ आहेत आणि बाकीच्या सोळा तीन दिशांना पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ही दुर्बीण उभी राहिली. तिचं काम पाहणारी संस्था पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे.

ताटली पत्र्याची नसून तारेच्या जाळीची आहे हे पाहून मुलं हिरमुसली. "यातून तर सगळं गळून जाईल!" माहिती सांगणारी ताई हसली. म्हणाली, "आम्ही ज्या लाटा पकडतो त्या एकवीस सेंटिमीटर लांबीच्या किंवा त्याहून लांब असतात. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. लाटेला ही जाळी पत्र्यासारखीच वाटते." एकवीस सेंटिमीटरची ही लाट हायड्रोजनची. ताऱ्यांच्या मधल्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेत हायड्रोजनचे ढग पसरलेले असतात. त्यांतले अणू वरच्या पायरीवरून खाली उतरले की ही लाट बाहेर पडते.

"ते ढग किती गरम असतात?" आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं.

"गरम कुठले! थंड ढग असतात शंभर केल्व्हिनच्या आसपास. म्हणजे उणे एकशे त्र्याहत्तर सेल्सिअस."

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. "पण आमच्या बाईंनी लिहिलंय की थंड असेल तर सगळे अणू तळाला. मग वर आहेच कोण, खाली उतरायला?"

मुलांनो, मला उत्तर आलं नाही. ताईने मात्र तिथेच मातीत काडीने पायऱ्या काढल्या.

हायड्रोजनची पहिली पायरी बारकाईने पाहिली तर ती एक नसून दोन बारीक पायऱ्यांची आहे. अणूच्या मध्यभागी प्रोटॉन असतो आणि भोवती इलेक्ट्रॉन. दोघेही छोट्याशा लोहचुंबकासारखे वागतात. दोघांची फिरकी एकाच बाजूची असेल तर ऊर्जा किंचित जास्त, एकमेकांविरुद्ध असेल तर किंचित कमी. हा फरक किती? अंशात मोजला तर फक्त ०.०६८ अंश! मघाची पायरी एक लाख अठरा हजार अंशांची होती, ही एका अंशाच्या पंधराव्या भागाची. जिना नव्हेच हा, फरशीच्या कडेएवढा उंचवटा.

आता शंभर अंशांचा ढग घ्या. आपल्याला उणे १७३ म्हणजे थंडीचा कहर वाटतो, पण ०.०६८ पुढे शंभर म्हणजे जवळपास दीड हजार पट. या पायरीच्या दृष्टीने हा ढग तापलेल्या भट्टीसारखाच आहे! भागाकार जवळजवळ नाहीच. थंड की गरम हे नुसत्या तापमानावरून ठरवायचं नसतं, पायरीच्या उंचीशी तुलना करून ठरवायचं असतं. माझी चूक ही होती.

"म्हणजे निम्मे वर आणि निम्मे खाली?" त्या मुलीने विचारलं. ताई म्हणाली, "नाही, तीन वर आणि एक खाली!" आता आम्ही सगळेच बुचकळ्यात. वरच्या पायरीवर खालच्यापेक्षा जास्त?

इथे सूत्रातले g येतात. एखाद्या पायरीवर अणूला बसायला किती निरनिराळ्या जागा आहेत, तो आकडा म्हणजे g. कॉलेजच्या पुस्तकात याला डिजनरसी म्हणतात, आपण नुसतं 'जागा' म्हणू. प्रोटॉनच्या फिरकीला दोन पर्याय, इलेक्ट्रॉनच्या फिरकीला दोन पर्याय, म्हणजे दोन दुणे चार जागा. त्या चारांपैकी तीन वरच्या पायरीच्या वाट्याला येतात आणि एक खालच्या. अशीच वाटणी का, ते पुढे कॉलेजात शिकाल. पण परिणाम आत्ताच कळेल. वर्गात चार बाकं आहेत, तीन बारीकशा ओट्यावर आणि एक खाली. ओटा इतका बुटका की चढायला काहीच कष्ट नाहीत. मुलं चिठ्ठ्या टाकून बसली तर प्रत्येक बाकावर सारखी गर्दी होणार, आणि ओट्यावर खालच्यापेक्षा तिप्पट मुलं दिसणार.

सूर्याच्या उदाहरणातही जागांचा हिशेब मी धरला होता, नुसता सांगितला नव्हता. तिथे दुसऱ्या पायरीवर पहिलीच्या चौपट जागा असतात. म्हणून साडेवीस भागाकारांनंतर चाराने गुणायचं, तेव्हा वीस कोटींत एक येतो. चाराने गुणूनही एवढाच, कारण पायरी प्रचंड उंच आहे. जागा कितीही असोत, वर चढायची ताकद नसेल तर त्या रिकाम्याच राहणार.

आता ढगातले चार लाख अणू घेऊन नेमका हिशेब करू. पायरीला उंचीच नसती तर वर तीन लाख असते आणि खाली एक लाख. बोल्ट्झमनच्या नियमाने शंभर अंशांना वर येतात २,९९,९४९ आणि खाली १,००,०५१. चार लाखांत जेमतेम एक्कावन्न अणूंचा फरक! ढग पाच हजार अंशांना तापवला तर तो फरक एकाच अणूचा उरेल. म्हणजे ढग थंड असो की गरम, साधारण तीन चतुर्थांश अणू वर असणारच.

याचा ज्योतिषांना, म्हणजे आकाश अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञांना, मोठा फायदा होतो. ढग विरळ असेल तर लाटेचा जोर मोजला की त्यातला हायड्रोजन किती ते सांगता येतं, तापमान माहीत नसलं तरी. आणि तापमान हवंच असेल तर? तेही त्या एक्कावन्न अणूंत दडलेलं आहे. ढगाच्या मागे एखादा तेजस्वी रेडिओ स्रोत असेल तर ढग त्याची थोडी लाट गिळतो. खालचे अणू लाट गिळतात, वरचे अणू त्या लाटेच्या धक्क्याने तशीच लाट परत देतात. दर जागेमागे खाली आणि वर जो किरकोळ फरक उरतो तेवढंच शेवटी गिळलं जातं. ढग जितका थंड तितका तो फरक जास्त, आणि गिळणंही जास्त.

पण अजून एक प्रश्न होता, आणि तोही त्याच मुलीचा. "वरचा अणू खाली कधी उतरतो?" उत्तर ऐकून सगळ्यांनी आ वासला. आपणहून उतरायला सरासरी एक कोटी दहा लाख वर्षं! मग लाट मिळते कशी? अणू खूप आहेत म्हणून. एका ग्रॅम हायड्रोजनमध्ये सहावर तेवीस शून्यं इतके अणू असतात. त्यांतले तीन चतुर्थांश वर धरले तर त्या एका ग्रॅममधून दर सेकंदाला सुमारे १३० कोटी अणू खाली उतरतात. आकाशातले ढग तर हजारो सूर्यांच्या वजनाचे.

उतरलेले अणू परत वर कसे जातात? धडकांनी. विरळ ढगात एका अणूला अशी अदलाबदल करणारी धडक काहीशे वर्षांनी मिळते. आपल्याला तो काळ फार वाटतो, पण एक कोटी वर्षांपुढे तो काहीच नाही. म्हणून तीनास एकची वाटणी टिकून राहते.

नियमाची मर्यादाही इथेच आहे. देवाणघेवाण पुरेशी होत असेल तरच तो लागू होतो. आपल्या खेळात वीसच चिठ्ठ्या काढून मुठी उघडल्या तर बऱ्याच जणांकडे अजून एकेकच चिंचोका असेल, निम्म्यानिम्म्याची उतरण दिसणारच नाही. धडका फारच कमी झाल्या की अणूंचंही तसंच होतं, वाटणीवरून काढलेलं तापमान ढगाच्या खऱ्या तापमानाशी जुळत नाही. दुसरी मर्यादा फार गरम ताऱ्यांची. तिथे हायड्रोजनचे अणूच फुटतात, इलेक्ट्रॉन सुटून जातो. मग पायऱ्यांवर बसायला अणूच थोडे उरतात आणि रेघा पुन्हा फिक्या होतात. किती अणू फुटतील याचा हिशेब १९२० साली आपल्या मेघनाद साहांनी मांडला.

खोडदच्या ताटल्यांनी हीच लाट फार लांबून आलेलीही पकडली आहे. एका दीर्घिकेतून ती निघाली तेव्हा एकवीस सेंटिमीटरची होती. विश्व पसरत असल्यामुळे वाटेत ताणली जाऊन आपल्याकडे पोचली तेव्हा अठ्ठेचाळीस सेंटिमीटरची झाली होती. प्रवासाला लागली सुमारे ८८० कोटी वर्षं. मधल्या एका दीर्घिकेने भिंगासारखं काम करून ती मोठी केली, म्हणून ती ऐकू आली. जानेवारी २०२३ मध्ये ही बातमी वर्तमानपत्रांत झळकली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्या गेल्या मी फळ्यावरचं जुनं वाक्य पुसलं. नवीन वाक्य मी लिहिलं नाही, खडू त्या मुलीच्या हातात दिला. तिने लिहिलं, "आधी पायरी किती उंच ते विचारा. मग वर जागा किती ते विचारा. मग थंड की गरम ते सांगा."

आता तुमच्यासाठी गृहपाठ. चार चिंचोके तीन मुलांत किती प्रकारे वाटता येतील? त्यांत पहिल्या मुलाकडे शून्य, एक, दोन, तीन, चार चिंचोके किती किती वेळा येतात ते लिहा. एकूण पंधरा यायला हवेत. आणि आईबाबांना एक प्रश्न विचारा. एका पायरीची उंची ३०० अंश आहे, वर खालच्याच्या तिप्पट जागा आहेत, आणि पुण्यातली दुपार ३०० केल्व्हिनची. वर जास्त अणू असतील की खाली? एकदा २.७ ने भागा, तिनाने गुणा, आणि उत्तर पाहून मग त्यांना सांगा!